ताटावर आडवा हात

माझा धाकटा भाऊ राहायला डोंबिवलीत, नोकरीला ठाण्यात. दर शुक्रवारी सहा-साडेसहाला त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘आज बसायचं का?’ कुठे बसायचं आणि कशाला, हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही. पाच मित्र, घोडबंदर रोडवरचं एक ठरलेलं हॉटेल. आठला बसू, दहाला उठू असं ठरतं आणि शेवटची लोकल चुकते. गेल्या वर्षी त्याने दारू बंद करायचं ठरवलं. शनिवार अख्खा झोपेत जायचा आणि मुलगी दोन वर्षांची झाली होती, एवढंच कारण. दारू सोडणं त्याला जड गेलं नाही. मित्रांना ते सांगणं मात्र फार जड गेलं.

आधी त्याने सगळे करतात तेच केलं, कारणं दिली. पहिल्या शुक्रवारी, ‘अँटिबायोटिक चालू आहेत.’ उत्तर आलं, ‘मग पुढच्या शुक्रवारी दोन जास्त.’ नंतर, ‘उद्या ऑफिस आहे.’ त्यावर, ‘एकच घे ना, एकाने काय होतंय?’ मग, ‘घरी लवकर जायचंय.’ त्यावर, ‘मी सोडतो तुला गाडीने.’ शेवटी त्याने बायकोचं नाव पुढे केलं आणि ते सगळ्यांत वाईट झालं. टेबलावर त्याची थट्टा झाली आणि वहिनी विनाकारण खलनायिका ठरली. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, ही अडचण आहे आणि मित्र म्हणून ती सोडवणं आपलं काम आहे. औषध संपतं, ऑफिसला सुट्टी असते, गाडीची सोय होते. कारण संपलं की नकारही संपतो.

मित्र असं का वागतात, हे समजून घेतलं तर त्यांच्यावर चिडायला होत नाही. आपल्याकडे आग्रह ही प्रेमाची रीत आहे. पंगतीत वाढणारा जिलबी घेऊन येतो, आपण ‘नको नको’ म्हणतो, तो दोन वाढतोच आणि आपण त्या खातो. पहिला ‘नको’ हा संकोचाचा असतो हे दोघांनाही माहीत असतं. लहानपणापासून इतक्या पंगतींत बसलेला माणूस पेग भरताना मित्राचा ‘नको’ खरा धरत नाही, यात त्याचा दुष्टपणा नाही. पण त्याच पंगतीत खऱ्या नकाराचीही एक खूण आहे. पोट खरंच भरलेला माणूस बोलत बसत नाही, ताटावर हात आडवा धरतो. वाढपी पुढे जातो. कुणाचा अपमान होत नाही, जिलबी वाईट आहे असंही कुणी म्हणालेलं नसतं.

असाच आडवा हात दारूच्या बाबतीतही आपल्या समाजात आहे. श्रावण पाळणाऱ्याला महिनाभर कुणी ग्लास पुढे करत नाही, गटारीला भरपूर आग्रह करणारे मित्रसुद्धा नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला तर कुणी विचारतही नाही. हे कशामुळे? श्रद्धेचा मान असतोच, पण मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. माळकरी माणूस ‘आज नको’ म्हणत नाही, ‘मी घेत नाही’ म्हणतो. तो त्या दिवसाचा निर्णय नसतो, त्या माणसाचा स्वभाव झालेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची माळ त्याच्या गळ्यात असते, तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही. ज्याला श्रावण किंवा माळ नाही, त्याने या दोन गोष्टी शब्दांतून आणायच्या.

भावाने ग्रुपवर टाकायला एक मोठा मेसेज लिहिला आणि आधी मला दाखवला. त्यात होतं, ‘तुम्ही दर आठवड्याला किती पैसे उडवता याचा विचार केलाय का? तुम्हाला पण आता तिशी आलीय, लिव्हरकडे बघा. तुम्ही माझ्यावर प्रेशर टाकता ते मला आवडत नाही. मी आता घेणार नाही.’ मी म्हटलं, ‘हे वाचून ते पाच मिनिटांत तुला महाराज म्हणायला लागतील.’ तो वैतागला. ‘ताई, मी त्यांना सोडा म्हणतच नाहीये.’ तो म्हणत नव्हता हे खरं, पण मेसेज म्हणत होता. मी त्याला एकच करायला सांगितलं. ज्या वाक्यात ‘तुम्ही’ आहे ते सगळं खोड. उरलं फक्त शेवटचं वाक्य. त्याला जोडून आम्ही दोन वाक्यं लिहिली. अखेर जे झालं ते असं:

‘मी दारू बंद केलीय, कायमची. शुक्रवारी तुमच्याबरोबर बसायला मला आवडतं आणि मी येणार आहे. एकच मदत कर, मला घे म्हणू नकोस, आणि पावणेदहाला उठलो की थांबवू नकोस.’

यात दारूबद्दल एकही मत नाही. मागणी दारू सोडण्याची नाही, आग्रह सोडण्याची आहे. ती नेमकी दोन गोष्टींची आहे, म्हणून ऐकणाऱ्याला पाळता येते. ‘मला समजून घे’ असं म्हटलं असतं तर मित्राने नक्की काय करायचं, हे त्यालाच कळलं नसतं. आणि ‘येणार आहे’ हे मधलं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दारू सोडणारा मित्र आपल्यालाही सोडून चाललाय, ही भीती बहुतेक आग्रहांच्या मागे असते.

हे शेवटी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कारण मेसेज ग्रुपवर गेलाच नाही. चार जणांसमोर सांगितलं की पहिला जण विनोद करतो, बाकीचे हसतात आणि मग कुणालाच मागे येता येत नाही. बसल्यावर सांगणं त्याहून वाईट, कारण दोन पेगनंतर कुणीही कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नसतो. भावाने मंगळवारी दुपारी, चहाच्या टपरीवर, एकट्या एकाला सांगितलं. तो कोण हे ठरवायला वेळ लागला नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण ऑर्डर देणारा असतो. चकणा तोच मागवतो, ग्लासही तोच भरतो आणि सगळ्यांत जास्त आग्रहही त्याचाच असतो. लोक त्याला टाळून शांत स्वभावाच्या मित्राला सांगतात. सांगायचं मात्र यालाच.

एका माणसाची साथ किती पुरते, हे सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत दाखवलं. कोणती रेघ किती लांब, एवढा सोपा प्रश्न. खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. अशा वेळी खऱ्या सहभागी माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं, डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही, घोळक्यासारखी चुकीची आली. पण त्या घोळक्यात एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण एकदम घसरायचं. सगळा ग्रुप आपल्या बाजूने असण्याची गरज नसते.

दुसरा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झालेला, डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला. कॅम्पसवर चालणाऱ्या पिण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मनात बरीच चुळबुळ होती, पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना ते माझ्यापेक्षा जास्त चालतं. टेबलावरचे पाचही जण खुशीत आहेत असं आपण धरून चालतो. आपणही तिथे हसतच बसलेलो असतो, हे विसरतो. टपरीवर भावाचं बोलणं ऐकून तो ऑर्डर देणारा मित्र बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, ‘मला पण शनिवारी फार जड जातं रे.’ भावाने त्यावर काहीच म्हटलं नाही, आणि ते त्याने बरं केलं. तिथे ‘मग तू पण सोड’ असं म्हटलं असतं तर टपरीवरचं ते बोलणं प्रवचन झालं असतं.

प्रत्यक्ष बसण्याच्या दिवशी काही साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. हातातला ग्लास रिकामा दिसला की भरावासा वाटतो, म्हणून पोहोचल्याबरोबर आपली लिंबू सोडा स्वतः मागवायची आणि ती अर्धी भरलेली ठेवायची. निघायची वेळ निघताना नाही, आल्या आल्या सांगायची. पावणेदहाला अचानक उठलात तर ‘इतक्यात?’ असा सूर येतो. आठलाच सांगितलेलं असलं तर ती ठरलेली गोष्ट असते. परतायची सोय स्वतःची ठेवायची. कुणाच्या गाडीवर मागे बसून गेलात तर त्याच्या वेळेलाच निघावं लागतं, तेही प्यायलेल्या माणसाच्या मागे बसून. काँट्री काढतानाही आधीच बोलून ठेवायचं, ‘जेवणाचा वाटा माझा.’ बिल आल्यावर हे बोललात तर पैशांवरून सोडली असं वाटतं.

आणि विचारणा होणारच, मित्रांना सवय असते. पहिल्या दोन-तीन बैठकांत ‘नक्की ना?’, ‘आज तरी?’ येत राहतं. त्यावर दर वेळी तेच वाक्य, त्याच शब्दांत, हसून म्हणायचं: ‘मी बंद केलीय.’ नवं कारण जोडायचं नाही. नवं कारण दिलं की वाद घालायला नवी जागा मिळते. आणि सगळी भेट त्यांच्याच टेबलावर होऊ द्यायची नाही. भावाने एका रविवारी सकाळी सगळ्यांना ठाण्यातच मिसळ खायला बोलावलं. तिघे आले, दोघांनी मुलं आणली.

रात्री उशिरा बाहेर पडण्याच्या आग्रहालाही हेच लागू आहे. मुलींना तो वेगळ्या रूपात भेटतो. ‘तुझ्या आईला मीच फोन करते, देतील त्या परवानगी,’ असं मैत्रीण प्रेमाने म्हणते. आईवर ढकललं की आईला पटवायची मोहीम सुरू होते. ‘मी दहानंतर बाहेर थांबत नाही, पण पिक्चर सहाचा घेतलात तर मी आहे,’ यात पटवायला कुणी उरत नाही.

मात्र या सगळ्याला मर्यादा आहेत. न सांगता कोल्ड्रिंकमध्ये दारू मिसळणारा माणूस आग्रह करत नसतो, तो फसवत असतो. तिथून उठून निघायचं, वाक्यं शोधत बसायचं नाही. आणि ज्याला दारू थांबवली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, त्याने एका दिवसात स्वतःहून बंद करू नये. अशा शरीराला अचानक बंद करण्यातून फिट येण्याइतका धोका होऊ शकतो, आधी डॉक्टरांकडे जावं. व्यसनातून उठू पाहणाऱ्याने सुरुवातीला सोडा घेऊनसुद्धा त्या टेबलावर बसू नये. पुण्यात ‘मुक्तांगण’सारखी केंद्रं त्याच कामासाठी आहेत.

त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी भाऊ पोहोचला तेव्हा नेहमीप्रमाणे त्याला भिंतीकडची, आतली खुर्ची मिळाली. वेटर आला. ऑर्डर देणाऱ्या मित्राने चौघांचं सांगितलं आणि भावाकडे न बघता पुढे म्हणाला, ‘एक लिंबू सोडा, मीठवाला.’ एकाने भुवया उंचावल्या, दुसऱ्याने ‘काय रे?’ विचारलं, आणि गप्पा कुणाच्या तरी बदलीवर गेल्या. पावणेदहाला भाऊ उठला. ‘बस रे, अजून...’ असं एकाने सुरू केलं, तोवर त्या मित्राने आपली खुर्ची पुढे ओढून त्याला बाहेर पडायला वाट करून दिली होती.