आधी पाणी, मग आम्ल

शाळेच्या प्रयोगपुस्तिकेचं मराठी करताना मी एका साध्या ओळीवर अडले. मूळ इंग्रजी कृती होती १० मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याची. मी सरळ लिहिलं : ‘१० मिलि संहत आम्लात ९० मिलि पाणी मिसळून ते विरल करा. सावधान : नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये.’ मराठी म्हणून वाक्य बिनचूक होतं. पण ते वाचणारा मुलगा आधी आम्ल ओतणार, मग त्यावर पाणी घालणार, आणि सावधानतेची ओळ वाचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या पावणेदोनपटीहून थोडं जास्त जड असतं. आम्लावर ओतलेलं पाणी वरच राहतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे इतकी उष्णता निघते की ते थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. उलट, भरपूर पाण्यात थोडं आम्ल सोडलं तर ते खाली जाताना मिसळत जातं आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते.

मग मी ती कृती हाताच्या क्रमाने पुन्हा लिहिली :

‘सावधान : हे काम शिक्षकच करतील. चष्मा व हातमोजे घाला. बीकरमध्ये आधी पाणी हवे. आम्ल नंतर.
कृती : बीकरमध्ये ९० मिलि थंड पाणी घ्या. बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवा.
सावधान : बीकर फार तापू लागले तर थांबा. गार होऊ द्या.
कृती : काचकांडीने ढवळत, १० मिलि आम्ल पाण्यात बारीक धारेने सोडा.’

यात ‘चंचुपात्र’ मुद्दाम टाळलं. प्रयोगशाळेत सगळे बीकरच म्हणतात, आणि घाईच्या वेळी शब्दाचा अर्थ आठवत बसायला सवड नसते. ‘संहत’च्या जागी ‘तीव्र’ मात्र चालणार नाही. तीव्र आणि सौम्य हे आम्लाचे प्रकार, संहत आणि विरल हे द्रावणातलं त्याचं प्रमाण. ॲसिटिक आम्ल सौम्य आहे, तरी संहत असलं तर त्वचा भाजतं.

आपल्या भाषेची आणखी एक अडचण आहे. ‘परीक्षानळीचे तोंड शेजाऱ्याकडे करू नका’ यातला नकार अगदी शेवटी येतो. डोळा नळीवर ठेवून अर्धवट ऐकणाऱ्याला ‘तोंड शेजाऱ्याकडे’ एवढंच कानावर पडतं. म्हणून ‘नळीचे तोंड मोकळ्या भिंतीकडे ठेवा’ असं लिहावं.

अशी पुस्तिका छापायला देण्याआधी एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने नुसतं साधं आणि रंगीत पाणी घेऊन, ऐकेल तसं लगेच करावं. कुठे हात आधी आणि इशारा नंतर झाला, तर ते पान पुन्हा लिहा.