शंभर कोणत्या किमतीला मानायचे?

‘एका दुकानदाराने साडीवर खरेदी किमतीपेक्षा ४० टक्के जास्त किंमत छापली आणि गिऱ्हाइकाला २५ टक्के सूट दिली, तर त्याला शेकडा नफा किती झाला?’ शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत हे उदाहरण आकडे बदलून पुन्हा पुन्हा येते. ४० मधून २५ वजा करून १५ लिहिणारे पुष्कळ असतात. बरोबर उत्तर आहे ५.

साडी ८०० रुपयांना घेतली असे धरू. ८०० चे ४० टक्के म्हणजे ३२०, म्हणून छापील किंमत ११२० रुपये. सूट या ११२० वर मिळते. त्याचे २५ टक्के म्हणजे २८० रुपये, म्हणजे साडी ८४० ला विकली गेली. दुकानदाराच्या हातात ४० रुपये उरले आणि ते ८०० चे ५ टक्के आहेत. १५ हे उत्तर कधी आले असते? सूटही ८०० वरच, म्हणजे फक्त २०० रुपये दिली असती तर. पण गिऱ्हाइकाला ८०० हा आकडा ठाऊकच नसतो. त्याच्यासमोर साडीला अडकवलेली चिठ्ठी असते आणि तिच्यावर ११२० लिहिलेले असते. म्हणून सूट छापील किमतीवर काढतात. नफा-तोट्याचा संबंध मात्र दुकानदाराने गुंतवलेल्या पैशाशी असतो, म्हणून तो खरेदी किमतीवर काढतात. एकाच उदाहरणात दोन टक्केवाऱ्या दोन वेगळ्या रकमांवर लागल्या की त्यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

खरी अडचण उलट्या प्रश्नात येते. ‘पंखा १५०० रुपयांना विकल्यावर २५ टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती?’ इथे डोळ्यांसमोर एकच रक्कम असते. तिचेच २५ टक्के, म्हणजे ३७५ वजा करून ११२५ लिहिण्याचा मोह होतो. हे चुकले हे ताळा करून लगेच कळते. ११२५ चे २५ टक्के २८१ रुपये २५ पैसे. ते मिळवले तर १४०६ रुपये २५ पैसे होतात, १५०० होत नाहीत.

अशा वेळी माहीत नसलेल्या खरेदी किमतीलाच शंभर भाग मानावे. नफा २५ भाग, म्हणून विक्री १२५ भाग. हे १२५ भाग म्हणजे १५०० रुपये. एक भाग १२ रुपयांचा झाला आणि खरेदी १२०० रुपये निघाली. सुटीचा उलटा प्रश्न असाच सुटतो, फक्त तिथे छापील किमतीला शंभर मानायचे. २० टक्के सूट वजा जाऊन ९६० रुपये दिले असतील, तर ते ८० भाग आहेत आणि छापील किंमत १२०० रुपये आहे. माझ्या मते मुलांना सूत्र पाठ करायला लावण्यापेक्षा उदाहरण वाचताच ‘१०० = खरेदी’ किंवा ‘१०० = छापील’ एवढे वहीच्या कडेला लिहायला लावावे. चूक बहुतेक वेळा गणित करताना होत नाही, ती या पहिल्या निवडीतच होते.

ही निवड किती महत्त्वाची आहे हे एका जुन्या उदाहरणातून स्वच्छ दिसते. दोन खुर्च्या प्रत्येकी ९६० रुपयांना विकल्या. एकीवर २० टक्के नफा, दुसरीवर २० टक्के तोटा. ना नफा ना तोटा, असे वाटते. पण पहिलीचे ९६० रुपये म्हणजे १२० भाग, म्हणून ती ८०० ला घेतलेली. दुसरीचे ९६० म्हणजे ८० भागच, म्हणून ती १२०० ला घेतलेली. पहिलीवर १६० मिळाले, दुसरीवर २४० गेले. दोन हजार गुंतवून १९२० हाती आले, म्हणजे ४ टक्के तोटा. विक्रीचा आकडा सारखा असला तरी २० टक्के ज्या रकमांवर लागले त्या सारख्या नव्हत्या.

आता या नियमाची मर्यादा. नफा खरेदीवर काढायचा हा शाळेतला संकेत आहे. व्यापारात ‘मार्जिन’ म्हणतात ते बहुधा विक्री किमतीवर मोजतात. परीक्षेतही कधी मुद्दाम ‘विक्री किमतीवर २० टक्के नफा’ असे दिलेले असते. असे शब्द आले की संकेत बाजूला ठेवून विक्रीलाच शंभर मानावे लागते. वरचाच पंखा घेतला तर १५०० चे २० टक्के ३०० होतात आणि खरेदी पुन्हा १२०० च येते. या ३०० रुपयांना दुकानदार २० टक्के मार्जिन म्हणेल, तर पाठ्यपुस्तक २५ टक्के नफा म्हणेल, आणि दोघांचाही हिशेब बरोबर आहे.