सपाट चित्र शिळं कधी वाटतं?

लेखासोबतचं चित्र पाहा: लांबलचक, लवचिक हातपाय, इवलंसं डोकं, जांभळी कातडी. २०१७ मध्ये ‘बक’ या स्टुडिओने फेसबुकसाठी ‘अलेग्रिया’ नावाची अशी शैली घडवली. मग बँकांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळ्यांनी तिची नक्कल केली. आज ती माणसं दिसली की लेखाआधी जाहिरातच आठवते.

पण दोष सपाट रंगांचा नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मलिका फाव्र यांचं चित्र ‘न्यू यॉर्कर’च्या मुखपृष्ठावर आलं. चार महिला सर्जन वाकून खाली पाहतायत, आणि टेबलावर झोपलेला रुग्ण म्हणजे आपण वाचक! छटा नाहीत, पोत नाही, तरी ते आजही ताजं वाटतं, कारण कल्पना पाहण्याच्या कोनातच आहे.

सध्या मासिकांत दाणेदार पोत आणि हाताची थरथरती रेघ बरीच दिसते. मात्र शिळ्या चित्रावर वरून दाणे भुरभुरवून ते ताजं होत नाही. शीर्षक झाकून पाहा. तेच चित्र कर्जाच्या लेखालाही चालत असेल, तर ते बदला.