दिवेलागणीला हरवणारी पाटी

आठ वर्षांपूर्वी मी एका औषध दुकानाची पाटी केली. पांढऱ्या पाटीवर गर्द हिरवी अक्षरं, आत एलईडी. दुपारी अक्षरं ठसठशीत दिसायची आणि रात्री नऊला हिरवी अक्षरं उजळून उठायची. महिन्याभरात मालकांचा फोन आला, "संध्याकाळी सात वाजता लोक दुकानासमोरून पुढे जातात आणि परत फिरून विचारतात, मेडिकल कुठंय?" मी दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला समोरच्या पानपट्टीपाशी जाऊन उभा राहिलो. दिवे लागलेले होते, वायरिंग ठीक होतं, तरीही दहा-बारा मिनिटं नाव वाचता येत नव्हतं. एक फिकट, मातकट पट्टा तेवढा दिसत होता.

त्या दहा-बारा मिनिटांचं कारण समजायला मला थोडे दिवस लागले, पण ते अगदी साधं आहे. दिवसा हिरवं अक्षर पांढऱ्या पाटीपेक्षा काळोखं असतं. रात्री पाटीवर उजेड पडत नाही आणि अक्षर आतून पेटलेलं असतं, म्हणून तेच अक्षर पाटीपेक्षा उजळ होतं. जे दिवसा जास्त काळोखं आणि रात्री जास्त उजळ, ते मधे कधीतरी पाटीच्या बरोबरीला येणारच. ती वेळ नेमकी दिवेलागणीची. हिरवा आणि पांढरा हे रंग तेव्हाही वेगळे असतात, पण लांबून बारीक आकार ओळखताना डोळा रंगापेक्षा उजेड-काळोखातल्या फरकावर जास्त विसंबतो. तो फरक मिटला की अक्षर मिटतं.

औषध दुकानाला ही वेळ फार महत्त्वाची. ओपीडी संध्याकाळची असते, लोक कामावरून सुटून डॉक्टरकडे जातात आणि चिठ्ठी हातात घेऊन बाहेर पडतात तेव्हा कातरवेळच असते. मागच्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नुकतंच डी.फार्म. झालेल्या एका मुलीच्या नव्या दुकानाचं काम आलं, तेव्हा मी पहिली भेटच संध्याकाळी साडेपाचला ठरवली.

दुकान पूर्वाभिमुख, म्हणजे सूर्य दुकानाच्या मागे मावळणार. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उजळ आकाश आणि पाटी मात्र सावलीत. सूर्यास्ताला उघड्यावर काहीशे लक्स उजेड असतो आणि आपल्याकडे पंचवीसेक मिनिटांत तो तीन-चार लक्सवर येतो. एवढ्या झपाट्याने उतरणाऱ्या उजेडात पाटी टिकवायची, तर तिची बाजू पालटता कामा नये. अक्षर दिवसाही उजळ, रात्रीही उजळ आणि पाटी दोन्ही वेळा काळोखी. म्हणून मी गर्द हिरवी, बिनचकाकीची एसीपी शीट आणि त्यावर दुधी ॲक्रिलिकची, आतून पेटणारी अक्षरं सुचवली. उलटही चालतं. उजळ भिंतीवर धातूची काळी अक्षरं आणि त्यांच्यामागून भिंतीवर पडणारा प्रकाश, यातही अक्षर कायम काळोखंच राहतं. पण त्यासाठी मागची भिंत सपाट आणि स्वच्छ लागते. इथे शटरवरचा भाग ओबडधोबड होता, धुळीचा रस्ताही समोरच होता.

मुलीचे वडील म्हणाले, "दादा, हिरवं फार गडद वाटतंय. पांढऱ्यावर जास्त उठून दिसेल." मी दोन्हींचे एकेक फुटाचे तुकडे आणले होते. ते शटरला टेकवले, आत दिवा लावला आणि म्हटलं, "काका, आपण समोरच्या एसटी थांब्यापाशी जाऊ आणि पावणेसातपर्यंत तिथेच थांबू." सूर्य मावळल्यानंतर थोड्याच वेळात पांढऱ्या तुकड्यावरचं हिरवं अक्षर विरघळलं. ते पाहिल्यावर काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग शब्दांचा प्रश्न. पाटीवर काय लिहायचं हे सगळंच आपल्या मर्जीवर नसतं. मुलीला नावात "फार्मसी" हवं होतं. 1945च्या औषध नियमांनुसार जिथे चिठ्ठीबरहुकूम औषध मिसळून तयार करून देण्याची सोय असते, त्यांनीच "फार्मसी" हे वर्णन लावायचं असतं. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे पण मिश्रणाची सोय नाही, अशांसाठी "केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स" हे शब्द आहेत. तिचं दुकान दुसऱ्या प्रकारातलं, म्हणून तेच खालच्या ओळीत घेतलं. महाराष्ट्रात 2022च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव लावावं लागतं आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. आणि लाल अधिक. पुष्कळ मेडिकलवाले ते लावतात, पण पांढऱ्यावरचं लाल क्रॉस हे रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे आणि 1960च्या जिनिव्हा करार कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आम्ही हिरवं क्रॉस घेतलं. युरोपातल्या अनेक देशांत औषध दुकान त्याच खुणेने ओळखतात.

नाव घरच्यांनी "धन्वंतरी" ठरवलं होतं. काकांना ते मोठं आणि "मेडिकल" त्याखाली लहान हवं होतं. मला ते पटलं नाही. ताप आलेल्या पोराला मागे बसवून मोटारसायकलवर निघालेला बाप "धन्वंतरी" शोधत नसतो, तो "मेडिकल" शोधत असतो. नाव त्याला दुसऱ्या खेपेला उपयोगी पडतं. शिवाय म, ड, क, ल ही अक्षरं मोकळ्या आकारांची आहेत, लांबून लवकर लागतात. शेवटी दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच उंचीचे ठेवले.

उंची किती? धंद्यातला जुना अंदाज असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. चांगल्या डोळ्यांना ते तिप्पट-चौपट अंतरावरूनही लागतं, पण संधिप्रकाश आणि वयाचे डोळे ती चैन देत नाहीत. हा अंदाज इंग्रजी मोठ्या लिपीचा आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार येतात, म्हणून मी शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंचीच धरतो. पाटी बारा फूट बाय तीन फूट होती. अक्षराचं अंग एक फुटाचं, वरच्या मात्रांना पाच इंच. म्हणजे एकशेवीस फुटांवरून, साधारण छत्तीस मीटरवरून, समोर उभ्या माणसाला सहज वाचता येईल. आजूबाजूची जागा मी मोकळी ठेवली. फोन नंबर, देवाचं चित्र, चोवीस तास सेवेची पट्टी, सगळ्याला नाही म्हटलं, कारण त्या मोकळ्या काळोख्या जागेमुळेच अक्षराच्या कडा लागतात.

"समोर उभ्या माणसाला" हे मी मुद्दाम म्हटलं. रस्त्याने येणारा समोर नसतो. पाटी रस्त्याला समांतर, मोटारसायकल आठ मीटर बाजूने येते. चाळीस मीटरवरून त्या कोनात अक्षराची रुंदी जेमतेम पाचवा हिस्सा दिसते, वीस मीटरवर एक-तृतीयांशाहून थोडी जास्त. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, तेव्हा नीट वाचायला दोन सेकंदसुद्धा उरत नाहीत. अक्षर आणखी मोठं केल्याने हा दोष जात नाही. म्हणून हिरवं क्रॉस मी पाटीवर घेतलंच नाही. दोन फुटी, दोन्ही बाजूंनी पेटणारं क्रॉस भिंतीला काटकोनात, ओट्याच्या हद्दीत बसवलं. लांबून ते सांगतं की इथे औषध मिळतं. माणूस वेग कमी करतो आणि मग पाटी वाचतो. अक्षरांमधली फटही नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवली, कारण तिरपं पाहताना आधी फटी बुजतात.

खरा वेळ गेला तो "ध"वर. पेटलेलं पांढरं अक्षर डोळ्याला असतं त्यापेक्षा जाड दिसतं, प्रकाश कडांबाहेर सांडतो. देवनागरीत ध आणि घ यांच्यातला ठळक फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा, भ आणि म यांचंही तसंच. आराखड्यात ती फट वीस मिलिमीटर होती आणि कागदावर पुरेशी वाटत होती. पूर्ण पाटी करायच्या आधी मी एकच "ध" खऱ्या मापात तयार करून शटरला टांगला. थांब्यापाशी उभं राहून मुलगी म्हणाली, "दादा, हा घ वाटतोय." तिचं बरोबर होतं. मग रेघेची जाडी पंचावन्नवरून पंचेचाळीस मिलिमीटर केली आणि फटही तेवढीच, पंचेचाळीसची केली. कारागिराला ते बेढब वाटलं. जवळून पाहिलं तर ते थोडं बेढब आहेही, पण संध्याकाळी लांबून तो निखळ ध दिसतो.

याच कारणाने मी अक्षरं सुटी करू दिली नाहीत. सुट्या अक्षरांच्या जोडावर शिरोरेषेत काळी चीर राहते आणि जिथे फट नको तिथे फट दिसते. पूर्ण शब्द एका तुकड्यात कापला. अनुस्वार तेवढा वेगळा आहे. त्याला आत एकच एलईडी मॉड्यूल दिलं आणि ते गेलं की "धन्वतरी" होतं, म्हणून दोन दिले, दोन वेगळ्या जोडण्यांवर.

उजेडाचं माप शेवटी बसवलं. उजळ आकाशापुढे वाचता येईल एवढा प्रकाश ठेवला तर आठ वाजता तोच डोळ्यांवर येतो आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्यामुळे पूर्ण प्रकाश सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी सुरू होतो आणि काळोख पडल्यावर डिमर तो निम्म्याच्याही खाली आणतो. घड्याळाच्या टायमरवर हे सोपवलं नाही. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातनंतर आणि पावसाळी ढगांत त्याच्याही आधी अंधारून येतं. छताखाली, पाटीच्या स्वतःच्या प्रकाशाला पाठ करून, एक प्रकाशसंवेदक लावला.

बसवलं त्या संध्याकाळी काका चष्मा घरी विसरून आले होते. मी त्यांना थांब्यापाशी नेलं. ते डोळे बारीक करून थोडा वेळ पाहत राहिले. "मेडिकल," ते म्हणाले. मग दहा-पंधरा पावलं पुढे गेले आणि तिथून नाव वाचलं.