कॅरूसेलची पहिली स्लाइड: इंद्रायणीच्या फेसावर पाच मथळे

इन्स्टाग्रामवर बोट वर सरकवणारा माणूस तुमच्या पहिल्या स्लाइडला एखाददोन सेकंद देतो. त्यात त्याला दोन गोष्टी कराव्याशा वाटल्या पाहिजेत: थांबणं, आणि मग डावीकडे सरकवणं. ही दोन वेगळी कामं आहेत. ओळखीची गोष्ट दिसली की माणूस थांबतो आणि त्या गोष्टीतलं काहीतरी आपल्याला माहीत नाही हे जाणवलं की पुढे सरकवतो. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची हीच मांडणी केली: कुतूहल म्हणजे माहितीतली फट जाणवणं. विषयाची काहीच माहिती नसेल, तर फटसुद्धा जाणवत नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, हे पिंपरी-चिंचवड, मोशी, चाकणमध्ये राहणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं किंवा बातम्यांत वाचलेलं असतं. समजा, त्यामागचं विज्ञान तुम्हाला आठ स्लाइड्समध्ये सांगायचं आहे. मथळ्याआधी शेवटच्या स्लाइडवरचं उत्तर एका वाक्यात लिहा: "डिटर्जंटमधली रसायनं पाण्यात आधीपासूनच असतात, बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा घुसते आणि फेस होतो." मथळा या वाक्याचाच प्रश्न असला पाहिजे.

आता मसुदे पाहू.

१. "इंद्रायणीतील पृष्ठसक्रियकांचा अभ्यास." हे प्रबंधाचं शीर्षक झालं. "पृष्ठसक्रियक" या शब्दाशीच वाचक अडतो, त्यामुळे तो थांबतच नाही.

२. "इंद्रायणीचं प्रदूषण: एक गंभीर समस्या." ओळख आहे, पण फट नाही. वाचक मनात "माहितीये" म्हणतो आणि पुढे जातो.

३. "हे वाचून तुम्ही हादराल!" इथे फट आहे, पण कशातली ते कळत नाही. शिवाय आठव्या स्लाइडवर वाचक हादरला नाही, तर पुढच्या वेळी तुमच्या पोस्टवर थांबणार नाही.

४. "इंद्रायणीला फेस का येतो?" बरं आहे. पण इथल्या माणसाकडे उत्तर तयार असतं: "कंपन्यांचं पाणी." उत्तर मिळालं असं वाटलं की बोट वर सरकतं.

५. "इंद्रायणीचा फेस बंधाऱ्याखालीच का वाढतो?" फेस ओळखीचा आहे, बंधारा ओळखीचा आहे, पण "खालीच का" याचं उत्तर चटकन सुचत नाही. "कंपन्यांचं पाणी" म्हणून भागत नाही, कारण ते पाणी बंधाऱ्याच्या वरही असतंच. सरकवायचं कारण इथे तयार होतं.

खरा मोह सहाव्या मसुद्याचा असतो: "कंपन्यांनी इंद्रायणी मारली!" आणि तो मोह निराधार नाही. अपवर्दी या अमेरिकन संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ दरम्यान एकाच बातमीचे वेगवेगळे मथळे वाचकांवर तपासले होते. त्या नोंदींच्या २०२३ सालच्या विश्लेषणात, सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पण तो अभ्यास इंग्रजी मथळ्यांचा आणि क्लिकचा आहे; मराठी स्लाइड सरकवण्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. महत्त्वाचं म्हणजे, डिटर्जंट घरगुती सांडपाण्यातूनही येतं. फेस पाहून ते कुठून आलं हे सांगता येत नाही. तुमच्या स्लाइड्स जे दाखवत नाहीत, ते मथळ्याने म्हणायचं नाही. वाचणाऱ्यांत त्याच कंपन्यांत शिफ्ट करणारेही असतात; असा मथळा पाहून ते आधी वाद घालतील, फेसाचं कारण वाचायचं राहूनच जाईल.

मथळा ठरला की पोस्ट करण्याआधी एक तपासणी करा. विषय माहीत नसलेल्या पाच जणांना पहिली स्लाइड फोनवर दोन सेकंद दाखवा, फोन मागे घ्या आणि विचारा, "पुढे काय असेल?" त्यांनी बरोबर उत्तरच सांगितलं, तर फट नाही. "काय माहीत" म्हणाले, तर ओळखीचं टोक सापडलेलं नाही. "पाणी जोरात पडतं म्हणून? की तिथे नाला मिळतो?" असे अंदाज सुरू झाले, की मथळा जमला. वाचताच आलं नाही म्हणाले, तर अक्षरं वाढवा. १०८० पिक्सेल रुंदीची स्लाइड फोनवर साधारण सात सेंटिमीटर दिसते, म्हणजे ९० पिक्सेलचं अक्षर जेमतेम सहा मिलिमीटरचं होतं. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

आता दुसरी स्लाइड. तिथे "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" असं लिहू नका. पहिल्या वेळी न सरकवलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा, दुसऱ्या स्लाइडपासून दाखवू शकतं. त्याने मथळा वाचलेलाच नसेल. म्हणून तिथे थेट पहिला पुरावा द्या: बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं पाणी, शेजारी शेजारी दोन फोटो, आणि खाली एक ओळ: "वर फेस कमी आहे, म्हणून पाणी स्वच्छ आहे का?"