फक्त बेकरीवाल्यांसाठी

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी कंपनीतली हिशेबाची नोकरी सोडली आणि कुर्ल्यात एक छोटा गाळा भाड्याने घेऊन सल्ला देण्याचे काम सुरू केले. बाहेर मोठा बोर्ड लावला. त्यावर जीएसटी, आयकर, कर्जाची प्रकरणे, दुकान नोंदणी, मार्केटिंग आणि तळाशी 'सर्व प्रकारचे व्यावसायिक सल्ले'. आपाने आणि सुनेने बाजूला टाकलेल्या पैशांतून गाळ्याची अनामत भरली होती.

सहा महिन्यांत माणसे आली, पण कशासाठी? कोणाला पॅन कार्ड दुरुस्त करायचे होते, कोणाला भाडेकराराचा मसुदा हवा होता. प्रत्येक काम नवे, म्हणून प्रत्येकासाठी नव्याने अभ्यास, आणि फी मागितली की "अरे, शेजारचा तर दोनशेत करून देतो." सातव्या महिन्याचे भाडे आपाने स्वतः भरले. त्या रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, मी सगळ्यांसाठी बसलोय, म्हणून कोणीच माझ्याकडे येत नाही."

मी बँकेत तीस वर्षे कर्ज विभागात काढली. मी त्याला एकच विचारले: या सहा महिन्यांत कोणत्या गिऱ्हाइकाच्या अडचणीवर तू रात्री घरी येऊनही विचार करत होतास? त्याने क्षणभरही न थांबता सांगितले, "बेकरीवाल्याच्या."

पार्श्वभूमी अशी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. पाव भाजणाऱ्या आपल्या वस्त्यांत खळबळ उडाली. भट्टी बदलून देणारे कारागीर आणि ओव्हन विकणारे तेव्हा बरेच फिरत होते. पण बदलानंतर धंद्याचा हिशेब कसा बदलतो, हे सांगणारा कोणी नव्हता. भाच्याकडे आलेल्या त्या मालकाची तक्रार एवढीच होती: "पाव तेवढाच विकतो, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही."

म्हणून भाच्याने ठरवले की लाकडावरून गॅसवर गेलेल्या किंवा जाणाऱ्या छोट्या बेकऱ्यांचा लागत-हिशेब, एवढेच काम करायचे.

मी त्याला आधी मोजणी करायला लावली. क्षेत्र अरुंद असावे, पण इतके नव्हे की घर चालणार नाही. त्याने कुर्ला, गोवंडी, चेंबूर आणि साकीनाका पायी पालथे घातले आणि अशा ४६ बेकऱ्या वहीत उतरवल्या. घरखर्चासाठी त्याला महिना ३०,००० रुपये लागत. एका बेकरीकडून महिना २,५०० मिळाले तर १२ बेकऱ्या पुरतात, म्हणजे यादीतल्या चारांतली एक. प्रत्येकीला महिन्यात दोन अर्धे दिवस, म्हणजे बारांना बारा दिवस. हे जमण्यासारखे होते. यादी १५ वर थांबली असती, तर मी त्याला दुसरे काहीतरी शोध म्हटले असते.

मग चाचणी. तीन बेकऱ्या, सहा आठवडे. नात्यातली एकही नाही, कारण मामेभाऊ तोंडावर वाईट बोलत नाही आणि पैसेही देत नाही. ठरलेली फी १२,००० ची, चाचणीसाठी ५,००० आणि त्यातले अर्धे आगाऊ. फुकट करायचे नाही यावर मी अडून बसलो. फुकट सल्ल्यासाठी कोणी रोजची वही उघडून दाखवत नाही. एका कागदावर लिहून घेतले: मालक रोज मैद्याच्या गोण्या, इंधन, बनलेला माल आणि परत आलेला माल लिहील; भाचा आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या नमाजनंतर, येऊन हिशेब मांडेल; कर्ज आणि परवान्याची कामे यात नाहीत. निकालही आधीच ठरवला: तिघांपैकी दोघांनी पुढे पूर्ण फी देऊन काम चालू ठेवले तर पुढे जायचे.

पहिल्याच बेकरीत गोम सापडली. लाकडाची भट्टी दगड-विटांची आणि जाड असते. पाव निघाल्यावरही ती कित्येक तास गरम राहते. त्या उरलेल्या उष्णतेवर टोस्ट आणि बटर रात्रभर सुकत. म्हणजे टोस्टला इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य, आणि वाडवडिलांपासून भावही त्याच हिशेबाने लावलेला. नव्या ओव्हनमध्ये पाव झाल्यावर गॅस बंद केला की उष्णता निघून जाते. टोस्टसाठी वेगळा गॅस जाळावा लागतो. त्या बेकरीत रोजच्या ४० किलो टोस्टवर जवळपास ६०० रुपयांचा गॅस जात होता, म्हणजे किलोमागे १५ रुपये. जुन्या हिशेबात टोस्टवर किलोला १२ रुपये सुटत होते. म्हणजे जितका टोस्ट जास्त विकला जाई, तितका तोटा वाढे. मालक मात्र पावाच्या भावाकडे बघत होता.

उपाय साधा होता. टोस्ट रोज थोडा न करता एक दिवसाआड, पावाच्या शेवटच्या घाण्याला लागून, ओव्हन भरून ८० किलो करायचा. एका वेळचा गॅस ७५० वर गेला, पण किलोमागे खर्च साडेनऊच्या आत आला. शिवाय टोस्टचा भाव किलोमागे चार रुपये वाढवला. दुकानदारांनी कुरकुर केली, पण घेणे सोडले नाही. दुसऱ्या बेकरीतही नेमके हेच निघाले. 'सर्व प्रकारचे सल्ले' देत बसला असता, तर ही एकच गोष्ट दोनदा पाहण्याची संधी त्याला मिळालीच नसती.

तरी चाचणी नापास झाली. तिसऱ्या बेकरीत भावाभावांत वाद होता. दुसऱ्या आठवड्यापासून वही कोरीच राहिली आणि भाच्याने जाणे थांबवले. दुसऱ्या मालकाने चहा पाजला, दुवा दिली आणि म्हणाला, "बेटा, आता मला कळले. पुढे माझा मुलगा लिहील." पूर्ण फी देऊन पुढे गेला तो एकच.

भाचा खचला. मला मात्र यात खूप काही दिसले. दुसऱ्या मालकाची अडचण खरी होती आणि सल्लाही खरा होता. चुकले ते विक्रीचे रूप. एकदा सांगून संपणारी गोष्ट १२,००० ला दुसऱ्यांदा कोण घेईल? पण मैदा आणि गॅसचे भाव हलत राहतात, परत येणारा माल ऋतूप्रमाणे बदलतो, रमजानमध्ये तर सगळी विक्रीच उलटी होते. त्याला दर महिन्याला कोणीतरी लागतोच. म्हणून दुसऱ्या फेरीत त्याने मोठी फी काढून टाकली आणि महिना २,५०० मध्ये प्रत्येक मालाची लागत आणि पुढच्या महिन्याच्या घाण्यांचे वेळापत्रक, एवढेच देऊ केले. नवे तीन मालक निवडताना एक अट वाढवली: वही लिहिणारा माणूस आणि निर्णय घेणारा माणूस एकच असावा. तिघांपैकी दोघे टिकले. त्यातल्या एकाने आपल्या मैदेवाल्याला सांगितले, आणि त्या मैदेवाल्याकडून आणखी चार नावे आली.

आज त्याच्याकडे नऊ बेकऱ्या आहेत, बारा अजून झालेल्या नाहीत. तीन महिन्यांचे भाडे त्याने आपाला परत केले, बाकीचे देणे आहे. बोर्डही बदलला आहे. मागच्या आठवड्यात एक किराणा दुकानदार जीएसटीसाठी आला, तेव्हा भाच्याने त्याला शेजारच्या गाळ्यातल्या दोनशेवाल्याकडे पाठवले.