दहा इंच एक सूत

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, गोखिवरे, सातिवली, वालीव या भागातल्या औद्योगिक गाळ्यांतून फिरताना पत्रा कापल्याचा आणि वाकवल्याचा आवाज सतत कानावर येतो. इथे येणारा पत्रा बहुधा आठ बाय चार फुटांचा असतो. त्यातून ट्रे, टाक्या, पेट्या बनतात. याच कामाशी जुळणारं एक गणित बारावीच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: आयताकृती पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून टाकायचे, उरलेल्या चार बाजू वर दुमडायच्या आणि बिनझाकणाची पेटी करायची. किती मापाचा चौरस कापला तर पेटीत सर्वांत जास्त माल मावेल?

प्रश्नात चुरस आहे ती अशी. चौरस लहान कापला तर तळ ऐसपैस मिळतो, पण भिंती बुटक्या राहतात. मोठा कापला तर भिंती उंच होतात, पण तळ आक्रसतो. आपल्या आठ बाय चारच्या पत्र्यात दोन फुटांचे चौरस कापले तर तळच उरत नाही, आणि काहीच कापलं नाही तर भिंती नाहीत. दोन्ही टोकांना घनफळ शून्य. सर्वोत्तम माप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

विद्यार्थी ते कलनशास्त्राने काढतात. कापायच्या चौरसाची बाजू x फूट मानली, तर घनफळ V = x(8 − 2x)(4 − 2x). त्याचा विकलज शून्य मानून समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात: सुमारे 0.845 फूट आणि सुमारे 3.15 फूट. दुसरं उत्तर तिथेच सोडून द्यायचं, कारण चार फूट रुंदीच्या पत्र्यातून दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट कापता येत नाहीत. बीजगणिताला पत्र्याची रुंदी ठाऊक नसते, ती आपण लक्षात ठेवावी लागते. पहिल्या उत्तराचे इंच केले तर 10.14 येतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून कारागिराच्या भाषेत हे झालं दहा इंच एक सूत. घनफळ सुमारे 12.3 घनफूट.

उत्तर आलं, पण ते तसंच का, हे या रीतीने उमगत नाही. कलनशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही पटेल असं कारण मात्र त्या विकलजातच दडलेलं आहे. समजा, पेटी तयार आहे आणि आपण चौरस केसभर वाढवला. भिंती केसभर उंच झाल्या, म्हणजे तळाएवढ्या क्षेत्रफळाचा एक पातळ थर पेटीत वाढला. त्याच वेळी चारही भिंती केसभर आत सरकल्या, म्हणजे प्रत्येक भिंतीलगतचा तेवढाच पातळ थर गेला. मिळकत तळाइतकी, नुकसान चार भिंतींइतकं. तळाचं क्षेत्रफळ भिंतींपेक्षा जास्त आहे तोवर चौरस वाढवण्यात फायदा आहे. भिंतींचं जास्त झालं की तोटा सुरू. म्हणून सर्वांत मोठी पेटी तीच, जिच्या तळाचं क्षेत्रफळ चारही भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाइतकं असतं.

पडताळून पाहू. सहा इंच कापले तर तळ 21 चौरस फूट आणि भिंती मिळून 10. अजून कापायला हवं. एक फूट कापला तर तळ 12 आणि भिंती 16. जास्त कापलं गेलं. दहा इंचांवर तळ 14.8 आणि भिंती 14.4, म्हणजे थोडंसंच बाकी. हा नियम कोणत्याही मापाच्या आयताला लागू पडतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात 45 बाय 24 सेंटिमीटरचा पत्रा आहे आणि उत्तर 5 सेंटिमीटर आहे. तिथे तळ 35 गुणिले 14 म्हणजे 490, आणि भिंतीही नेमक्या 490. पेटी समोर असेल तर नुसत्या टेपने मोजून सांगता येतं की ती त्या पत्र्यातून निघणारी सर्वांत मोठी आहे की नाही.

आता प्रश्न असा की गाळ्यातला कारागीर दहा इंच एक सूत न कापता सरळ नऊ इंच कापतो, तेव्हा तो किती गमावतो? नऊ इंचांच्या पेटीचं घनफळ 12.19 घनफूट. तूट जेमतेम एक टक्का. शिखराजवळ चढ जवळजवळ सपाट असतो, म्हणून थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. ही गोष्ट योहानेस केप्लरने 1615 मध्ये दारूच्या पिंपांवरच्या पुस्तकात नोंदवली होती. लिंझ शहरात स्वतःच्या दुसऱ्या लग्नासाठी दारू घेताना पिंपं मोजण्याची पद्धत त्याला खटकली आणि त्यातून ते पुस्तक झालं. मोजणीतली छोटी चूक माफ होते ती या सपाटीमुळे. पण सपाटीचा पल्ला ओळखायला हवा: सहा इंचांवर घनफळ साडेदहा घनफूट होतं आणि तूट जवळपास पंधरा टक्क्यांवर जाते.

प्रत्यक्ष कामात माप बदलतं ते वेगळ्याच कारणाने. पत्र्याची उघडी कड हाताला लागते, म्हणून ती इंचभर दुमडतात. ती इंचभर पट्टी घनफळात येत नाही, तेव्हा गणितासाठी पत्रा 96 बाय 48 इंचांऐवजी 94 बाय 46 धरायचा. मग भिंतीची उंची सुमारे पावणेदहा इंच येते. नियम तोच, पत्रा मात्र बदलला.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र प्रश्नाच्या शब्दांतच आहे. आपल्या उत्तरात चार कोपऱ्यांचा जवळपास नऊ टक्के पत्रा भंगारात जातो. वेल्डिंग करायची तयारी असेल तर तोच पत्रा मधोमध कापा. चार बाय चारचा एक तुकडा तळ होईल आणि दुसऱ्यातून चार फूट लांब, एक फूट रुंद अशा चार पट्ट्या निघतील. पेटी 16 घनफुटांची, पत्रा काहीच वाया नाही. बारावीच्या ‘सर्वोत्तम’ उत्तरापेक्षा ही सुमारे तीस टक्के मोठी.

मग दुमडून पेटी करायचीच कशाला? सांध्यांमुळे. दुमडलेल्या पेटीत फक्त चार कोपरे जोडायचे, म्हणजे मिळून सुमारे साडेतीन फूट वेल्डिंग. तुकड्यांच्या पेटीत तळाभोवती 16 फूट आणि कोपऱ्यांत 4, असे 20 फूट. पाणी किंवा रसायन धरणाऱ्या पेटीत गळतीची भीती सांध्यालाच असते, आणि इथे तर बहुतेक सांधा तळाशी, जिथे दाब सर्वांत जास्त. धान्य किंवा सुटे भाग ठेवायचे असतील तर 20 फूट वेल्डिंगची मजुरी आणि वाचलेला पत्रा यांचा हिशेब करून ठरवावं.

म्हणजे दहा इंच एक सूत हे उत्तर बरोबर आहे, पण ते एका अटीचं उत्तर आहे: पत्रा एकसंध ठेवायचा. पाठ्यपुस्तकात ही अट एका वाक्यात येते आणि विद्यार्थी ती ओलांडून थेट समीकरणाकडे धावतो. गाळ्यात मात्र आधी विचारतात, ‘आत काय ठेवणार?’